घोंगडीखालचा संचालक

बंकट : ...तसं न्हाई मामा. तुमी संचालक असा न्हाईतर कलेक्टर, कार्ड दाखवल्याबिगर मला खोलीची किल्ली देता येत न्हाई.

मुंजाजी : आवो, पर मी खरंच संचालक हाय. आमच्या दूध संस्थेचा. राखीव जागेवरून निवडून आलेला.

बंकट : मी कुटं खोटं म्हनलो? पायात एकच चप्पल हाय, म्हनून जरा अंदाज लागंना.

मुंजाजी : दुसरी गाडीमागं पळताना गेली. संचालक झाल्यापासून पळायची सवय मोडली बगा. गाई असत्या तर एका हाकेला थांबल्या असत्या. ही ट्रॅव्हल्स कुटं थांबती? मी "थांब, थांब" करतोय, आन मागचा लाल दिवा माज्याकडं बगून गेला निघून.

बंकट : बसा आधी. त्या सोफ्याच्या डाव्या बाजूला बसू नका, स्प्रिंग वर आल्यात. आमच्या लॉजवर मुक्काम करून गेलेले लोक स्प्रिंगवरूनच लॉज वळखतात. आता नीट सांगा. कुटली गाडी? कुटं चालली होती?

मुंजाजी : आज दुपारी हितंच केजला आमच्या चेअरमनची निवड हाय. तेरा संचालक. ज्याच्याकडं सात, त्याचा चेअरमन. आमच्या अर्जुनरावांकडं त्यांना धरून सात. समोरच्यानं एक जरी फोडला तर खेळ खलास. म्हनून अर्जुनरावांनी समद्यांना ट्रॅव्हल्समधी घातलं आन देवदर्शनाला नेलं.

बंकट : म्हंजी पळवून नेलं.

मुंजाजी : देवाकडंच नेलं की. आयुष्यात एवढे देव मी बघितले न्हाईत. कुटं उतरलो की फुडं एक मानूस, मागं एक मानूस. मुतायला गेलं तरी कुणीतरी संगं. मला वाटायचं, मुंजाजी, लई मोठा झालास गड्या. आमची घरवाली सारजा तर मला घरात बी कुटं गेला म्हनून इचारत न्हाई.

बंकट : मग राती संगं कुनी आलं न्हाई का?

मुंजाजी : येरमाळ्याच्या अलीकडं ढाब्यावर चहाला उतरलो. संगतीचा मानूस म्हनला, "मामा, आता तुमच्यावर भरवसा बसलाय, एकटेच जा." भरवशानं गेलो, आन भरवशानंच हुकलो. मग एका टमाट्याच्या टेम्पोत बसून आलो. क्रेटच्या मधी. टेम्पोवाल्यानं बी मला मोजलं न्हाई, क्रेट मोजले.

बंकट : आन कार्ड? फोन?

मुंजाजी : पैल्याच दिवशी समद्यांचे फोन आन आधार कार्डं गोळा केली. समोरच्या पॅनलचा फोन येऊ नये म्हनून. समदं अर्जुनरावांच्या ब्यागेत. माज्या खिशात निस्ती चुन्याची डबी. ती चालती का?

बंकट : तिच्यावर फोटो हाय का?

मुंजाजी : कोंबड्याचा हाय.

बंकट : मग अवघड हाय. हसू नका मामा, मी खरंच सांगतो. उतरनाऱ्या हर मानसाचं कार्ड बघायचं, फोटोशी तोंड मिळवायचं, झेरॉक्स ठिवायची, रजिस्टरला सही घ्यायची. पोलीस ठान्याचा मानूस कवा बी येतो. वर मालकानं हा कॅमेरा लावलाय. चोरासाठी लावला म्हनतो, पर त्याचं तोंड माज्या खुर्चीकडं हाय. आन कार्ड असतं तरी आत्ता खोली घ्या म्हनलो नसतो. आमचा दिवस दुपारी बारा ते बारा. आत्ता चावी घेतली तर बाराला दुसरा दिवस लागतो. पाठ टेकवायची तर सोफा फुकट हाय.

मुंजाजी : गिऱ्हाईक परत लावायला बसिवलंय का तुमाला?

बंकट : मालक बी हेच इचारतो. हे घ्या पानी. तांब्यात मावंल तेवढंच. टँकर आला न्हाई, वरची टाकी कोरडी हाय. मानशी एक बादली, आन नळाला आमी कापड बांधून ठिवलंय.

मुंजाजी : बादली तरी हाय. आमच्या धारूरच्या डोंगरावर सारजा अंधारातच उठून गाई खाली उतरवती. पानी पाजून वर आनीस्तोवर त्यास्नी परत तहान लागती. मी निघायच्या आदल्या दिवशी एक गाय चढावरच बसली म्हनं. उठंनाच.

बंकट : चाऱ्याचं?

मुंजाजी : त्याच्यासाठीच तर अर्जुनरावांच्या गाडीत बसलो. संस्थेला चारा छावनी मिळायली. कुटं टाकायची ते चेअरमन ठरवनार. अर्जुनराव देवापुढं हात धरून म्हनले, "मुंजाजी, छावनी तुज्या वस्तीवर." बास. बाकीच्यांनी परसादाचे पेढे घेतले, मी सरकी पेंडीचं पोतं घेतलं. त्ये बी गाडीतच ऱ्हायलं. शिटावर ठिवून वर घोंगडी पांघरली होती, वास नको म्हनून.

बंकट : थांबा मामा, फोन वाजतोय. स्पीकरवर घेतो. रातपाळीनं झोप गेली, तिच्या मागं कान गेले. हॅलो, लॉज.

अर्जुनराव : कोन, काउंटरवाला का? मी अर्जुनराव. राती खोल्या सांगितल्या होत्या ना? आमी कळंबच्या फुडं आलोय. टायर बसला म्हनून उशीर झाला. सात मानसं हाईत. अंघोळीचं पानी तयार ठेव.

बंकट : सातच ना साहेब? मानशी एक बादली हाय, म्हनून इचारतो.

अर्जुनराव : सात म्हंजी सात. आत्ता ब्याटरी मारून मोजलेत. एक म्हातारं मागच्या शिटावर घोंगडी घेऊन पडलंय, त्याला धरून. ठेवू नको फोन, थांब, दुसरा फोन वाजतोय... हां मोहनराव, तुमी काळजी करू नका. छावनी युसूफ वडगावलाच, तुमच्या रानात. आवो, त्याला काय सांगायचं? मुंजाजीचं काय! दुपारी हात वर केला की घरी सोडू. झोपू द्या त्याला... हां, काउंटरवाले, आलोच.

बंकट : ...मामा.

मुंजाजी : ऐकलं.

बंकट : पानी घ्या अजून.

मुंजाजी : पेंडीचं पोतं मोजलं, बंकटराव. माज्या जागी सरकी पेंड संचालक झाली. बरं झालं, पेंड तरी गाईच्या पोटात जाती. हसा, हसा. मला बी हसू येतंय. पर लई वाईट वाटलं. देवापुढं हात धरला होता त्यानं.

बंकट : आता? समोरच्या पॅनलला जाताव का?

मुंजाजी : तिकडं गेलो तर त्यांच्या गाडीत दुसरी घोंगडी. छावनी त्यांच्या पाहुन्याच्या रानात. मला खुर्ची नको हो. छावनी वस्तीवर पायजे. सारजाला काय सांगू, गाई वडगावपतुर चालव म्हनू? त्या वाटंतच पडतील.

बंकट : हे बगा, लॉजात कोन बसलंय ते आमी कुनाला सांगत न्हाई, आन कुनाच्या भांडनात बी पडत न्हाई. मला माजं काम येतं. कार्ड आन तोंड मिळवायचं. कार्डं सात येतील. तोंडं किती येतात ते मी बघनार, ग्रुप असला तरी. तुमी त्या खांबामागच्या खुर्चीवर बसा. पेपर घ्या.

मुंजाजी : मला वाचता येत न्हाई.

बंकट : कालचाच हाय, वाचन्यासारखं काय न्हाई त्यात. तोंडापुढं धरा.

(बाहेर ट्रॅव्हल्स थांबते. अर्जुनराव हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन काउंटरशी येतो. मागून पाच जण आळस देत.)

अर्जुनराव : ही कार्डं. पटपट लिही. चाव्या दे.

बंकट : कार्ड दिलं की तोंड बी दाखवायचं साहेब. रामकिसन? या फुडं. बरोबर. सुंदरराव? बरोबर, फोटोत मिशी होती. यायचं कारन काय लिहू?

अर्जुनराव : देवदर्शन. समद्यांपुढं देवदर्शन.

बंकट : लिहितो... हे मुंजाजी कोनते?

अर्जुनराव : ते झोपलंय गाडीत. म्हातारं मानूस हाय. त्याची सही मी करतो.

बंकट : चालत न्हाई साहेब. ज्याचं कार्ड त्यानंच उभं ऱ्हायचं.

अर्जुनराव : आरं, तू मला कायदा शिकवतोस का?

बंकट : मी कशाला शिकवू? कॅमेरा शिकवतो. उठवा त्यांना, तवर बाकीच्यांच्या चाव्या काढून ठिवतो.

अर्जुनराव : सिदू! ये ड्रायव्हर! त्या म्हाताऱ्याला उठव. हलवून उठव... काय? काय म्हंतोस? घोंगडी काढ की बे... पेंड? कसली पेंड? मुंजाजी कुटाय?... आरं देवा. सुंदरराव, दारं बघा. समोरच्यांनी उचलला! एक गेला म्हंजी सहा ऱ्हायले, समदं गेलं!

मुंजाजी : रामराम, अर्जुनराव.

अर्जुनराव : मुंजाजी! आरं मर्दा, कुटं होतास? तुज्यासाठी जीव खालवर झाला माजा!

मुंजाजी : कवा? आत्ताच ना? रातभर तर बरा होता. माज्या पेंडीला एसी लावून झोपिवलं तुमी.

अर्जुनराव : अंधारात चूक झाली रं. चल, ये.

मुंजाजी : येतो की. पैले मोहनरावांना फोन लावा. हितंच, ह्या पाच जनांपुढं. छावनी वस्तीवर म्हनून सांगा.

अर्जुनराव : ...कोन बोललं तुला?

मुंजाजी : तुमीच बोलला. काउंटरचा फोन चालूच ठिवून मोहनरावांशी बोलला तुमी.

अर्जुनराव : मुंजाजी, वडगावला पानी हाय, रस्ता हाय...

मुंजाजी : वडगावला पायजे तर छावनी दोन ठिकानी करा, तिकडं बी टाका. मी कुटं नको म्हनतो? पर डोंगरावरली गुरं चालून तिथं पोचायची न्हाईत. मी आडानी मानूस, मला बोलता येत न्हाई. दुपारी हात वर करायचा तेवढा येतो. त्यो बी ह्या खेपेला आखडला हाय जरा. पळापळीनं.

बंकट : साहेब, काउंटरचा फोन घ्या. बाहेरगावी लागतो.

अर्जुनराव : ...दे. हां, मोहनराव. अर्जुनराव. छावनीचं बदललं. धारूरच्या वस्तीवर. हो, आधी तिथं. टँकर बी तिथं. न्हाई, आता बोलू नका. समदे संचालक समोर उभे हाईत. ठेवतो... झालं समाधान?

मुंजाजी : अजून एक. कार्ड माज्या खिशात ऱ्हाईल. फोन बी. सारजाला सांगायचंय, आज गाई उतरवू नको, मी पेंड घेऊन येतोय.

अर्जुनराव : घे बाबा, घे. काउंटरवाले, लिहा आता. सात.

बंकट : आता सात. मामा, हितं सही न्हाईतर अंगठा. तुमच्यापुढं कारन देवदर्शनच लिहू ना?

मुंजाजी : न्हाई. देव झाले माजे. चाऱ्यासाठी आलतो, ल्याहा.