'कशीबशी'ची इंग्रजी

...आणि वर मलाच म्हणतात, बाई, तुम्ही शब्दाशब्दाला अडता! अहो, मी कुठली अडतेय? मी आपली भाषांतर करणारी. मुलीनं आभाराचं पत्र आपल्या हातानं मराठीत लिहायचं, मी इंग्रजी करायचं, दोन्हींवर तिची सही, मराठी प्रत पालकांना वाचून दाखवून त्यांचीही सही, मग ते कॅनडाच्या देणगीदार हेलनबाईंकडे जाणार आणि तेव्हा पुढच्या वर्षाची फी सुटणार. पत्रात पत्ता द्यायचा नाही, जास्तीचं काही मागायचं नाही, मार्क सांगायचे, पैसे कशाला लागले ते सांगायचं... साधं काम ना?

तर तुम्हाला सांगते, प्रतीक्षा डोईफोडे, नर्सिंगचं पहिलं वर्ष. पोरीनं चांगलं लिहिलं होतं, फी भरली, पांढरा युनिफॉर्म घेतला, पास झाले, आभारी आहे. पण आमच्या संस्थेचे सचिव बोधनकर सर म्हणाले, छान आहे, पण कोरडं आहे, जरा डोळ्यांत पाणी येऊ द्या. कुणाच्या? तर कॅनडाच्या! मी आपली भाषांतर करणारी, पण सुचलं तर माणसानं काय करायचं? घातलं वाक्य, 'आई कशीबशी ब्लाउज शिवून आमचं पोट भरते.' इंग्रजीत तर असं उतरलं की माझं मलाच भरून आलं. प्रतीक्षानं खाली मान घालून मराठी प्रतीत ते लिहून काढलं.

सहीला आई आली, मंगलताई. गळ्यातली टेप तशीच. मी वाचतेय, त्या मान डोलावतायत, आणि 'कशीबशी'ला मान थांबली.

"कोण कशीबशी शिवतं?"

म्हटलं, अहो, कष्टानं, या अर्थी...

"अर्थ तुमच्यापाशी ठेवा, मॅडम. बार्शीतल्या निम्म्या नवऱ्या माझ्या ब्लाउजात बोहल्यावर चढतात. हे खोडा, नाहीतर सही नाही."

सर धावत आले. ताई, आज सही झाली नाही तर फी अडकेल, मुलीचं वर्ष जाईल, असं किती समजावलं. प्रतीक्षाचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता करतील. मी तर केव्हाच केली असती, वर थँक्यूही म्हटलं असतं.

मंगलताई लेकीला म्हणाल्या, "तू सांग. कशी शिवते मी?"

पोरीनं माझंच पेन उचललं, 'कशीबशी' खोडलं, वर लिहिलं 'उत्तम'. "मॅडम, इंग्रजीतपण बदला." बदललं. मी आपली भाषांतर करणारी!

ताईंनी सही ठोकली, पत्र गेलं, महिना गेला. मग उत्तर आलं. फी मंजूर! आणि खाली हेलनबाईंची विनंती, भारतात आले होते तेव्हा घेतलेली साडी ब्लाउजवाचून पडून आहे, आई शिवतील का? सोबत मापं. 'देणगीदाराकडं काही मागू नये' असा आमचा नियम आहे, पण देणगीदारानंच मागितलं तर काय, ते कुठं लिहिलंय? मंगलताईंनी मापं बघितली, म्हणाल्या, लग्नसराई आहे, नंबर लावा म्हणावं.

लिहिलं. सरांच्या सांगण्यावरून नम्रपणे लिहिलं, 'कृपया थोडं थांबावं.' मराठी प्रत वाचून दाखवली... अन् आता 'कृपया'पाशी सही अडलीय.