बिनरेघेचं पान

हरणाबाई : ह्यातलं न्हाई वाचवत. मुंग्या चालल्यात नुसत्या.

अपेक्षा : डोळे ताणू नकोस, आजी. तुझ्या पाककृतींच्या वहीचं पुस्तक ह्यातल्याच एका अक्षरात छापायचंय. हा दुसरा नमुना बघ. मजकूर तोच, फक्त अक्षराचं वळण वेगळं.

हरणाबाई : जाड हाय. पर समदं काळंच दिसतंय.

अपेक्षा : छापताना शाई कागदावर जराशी पसरते. जाड अक्षराच्या पोटात जागा आधीच कमी, ती बुजून जाते. म्हणून तर छापखान्याच्याच कागदावर नमुने काढून आणले. आता हा तिसरा.

हरणाबाई : थांब. 'शें... शेंगा भाजून... कूट करावं.' अगं, ह्ये दिसतंय!

अपेक्षा : ह्याची पोटं मोकळी आहेत. आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना धडकू नयेत म्हणून ओळी लांब लांब ठेवल्यात. शेगडीपाशी उभं राहून, हातभर लांबून वाचता आलं पाहिजे.

हरणाबाई : पोटं मोकळी ठिवायला शिकवत्यात व्हय सांगलीच्या कॉलेजात? इथं कडेगावात आमी जन्मभर भरायलाच शिकलो.

अपेक्षा : हस तू. दिवसभर लग्नपत्रिका करते, तिथं कुणी एवढं बघत नाही. हे तुझ्यासाठी. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत नजर...

हरणाबाई : म्हाईत हाय काय म्हनाले. पुढचं बोल.

अपेक्षा : एक पान अडलंय. नाचणीचं धिरडं. सगळ्या वहीत तू अक्षरांवर रेघ दिलीस, ह्या एकाच पानावर नाही. घाईत होतीस का?

हरणाबाई : त्ये पान गाळ.

अपेक्षा : आईचं पान आहे ते. तूच वर लिहिलंयस, 'मंगलनं सांगितलेलं'.

हरणाबाई : गाळ म्हनलं न्हवं?

अपेक्षा : आईला जाऊन वर्ष झालं, आजी. तिच्या नावाचं ह्या घरात एवढं एकच पान आहे. मी नाही गाळणार.

हरणाबाई : ...रेघ मी मागनं मारायची. आदी नुसती अक्षरं लिवायची. मग जिन्नस करायचा, घरच्यांनी खायचा. ब्येस झालंय म्हनले की रेघ. न्हाई जमलं तर पान फाडायची.

अपेक्षा : मग हे का नाही फाडलंस?

हरणाबाई : ब्येस झालं हुतं म्हनून.

अपेक्षा : मग रेघ?

हरणाबाई : मंगल डोंगराकडल्या मेढ्याची पोरगी, नवी नवरी. आमच्या उसाच्या गावात येऊन नाचणी भिजवाय लागली. तुज्या आज्ज्यानं चार खाल्ली आनी वर पाचवं मागितलं. माज्या हातचं कवा मागून खाल्लं न्हवतं त्यांनी. म्हनलं, रेघ मारली की ही डोक्यावर चढंल.

अपेक्षा : आईला ठाऊक होतं? रेघेचं?

हरणाबाई : समद्यांस्नी ठाऊक. सनाला वही काढली की ती आदी त्येच पान उघडायची. बघायची, मिटायची. तोंडानं कवा बोलली न्हाई.

अपेक्षा : किती वर्षं?

हरणाबाई : तुज्या जल्माच्या आदीपासनं. सव्वीस धर. तुज्या कॉम्प्युटरात रेघ आपसूक येती न्हवं? यिऊ दे की. कुनाला कळतंय?

अपेक्षा : मला कळतंय. बिनरेघेचं अक्षरही आहे माझ्याकडं. हे बघ. रेघ नसली की ध आणि घ सारखेच दिसायला लागतात, म्हणून ध ला डोक्यावर गाठ दिलीय. नाहीतर लोक घिरडं वाचतील. भ आणि म चंही तेच. आईचं पान ह्यात लावणार. वहीत आहे तसं.

हरणाबाई : माजा कोतेपना छापतीस व्हय गं गावभर?

अपेक्षा : आईनं सव्वीस वर्षं वाचला तो.

हरणाबाई : ...वही आन.

अपेक्षा : आता?

हरणाबाई : वही आन नि पेन आन. वहीत रेघ आली की मग तुला छापावीच लागंल. वहीत हाय तसं म्हनालीस न्हवं? बोट ठिव माजं पयल्या ओळीवर. ठिवलंस? आता सोड. माजी मी मारती.

(हरणाबाई पानाला नाक टेकेल इतकी वाकून रेघा ओढते. रेघा अक्षरांच्या डोक्यावरून नाही, मधून जातात; खोडून टाकल्यासारख्या. पहिली मंगलच्या नावातून.)

हरणाबाई : आली का? अपेक्षा? मंगलच्या नावावर बी आली न्हवं?

अपेक्षा : आली, आजी.

हरणाबाई : सरळ?

अपेक्षा : सरळ.

हरणाबाई : मग आता रेघंचं अक्षर लाव त्या पानाला.

अपेक्षा : लावते.

हरणाबाई : वही लगीच मिटू नगंस. शाई वाळू दे.