‘आवाज कमी करा’ला पहिला नंबर

आमच्या तापीकाठच्या लालबागमधल्या सोसायटीत नावं ठेवायला सगळेच पुढे, म्हणून सांस्कृतिक टीमचं नावही सगळ्यांकडूनच मागवलं. गेटवर डबा ठेवला, चिठ्ठ्यांतली नावं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, मतं घेतली. निकालाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं.

आधी सुचवणाऱ्यांचे आभार मानले. ‘तापीतरंग’वाल्या जोशीबाईंचे मानले, ‘केळीचा घड’वाल्या पाटीलभाऊंचेही मानावे लागले. मग म्हटलं, "सगळ्यात जास्त मतं मिळालेलं नाव, आवाज कमी करा."

साउंडवाल्याने आवाज कमी केला.

मागून लोक विचारायला लागले, "कोणतं नाव?" मी घसा ताणून सांगितलं, "आवाज कमी करा." त्याने माईकच बंद केला. मी त्याच्याकडे पाहिलं, तर म्हणतो, "आप ही तो बोल रहे हो, भैया."

शेवटी तसंच ओरडलो, "हे नाव सुचवणारे महाजनकाका, पुढे या."

काका ग्रुपवर नाहीत, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सत्काराचा नारळ हातात घेऊन म्हणाले, "मी कुठे नाव सुचवलं? तुमच्या प्रॅक्टिसची तक्रार टाकली होती डब्यात." मग बंद माईककडे बघत म्हणाले, "पण कारवाई लवकर केली हं तुम्ही."