आला का गा

नंदनवन वस्तीतल्या घासलेटच्या लाईनीत मारोतराव उभे होते. हिंगण्याच्या कारखान्यात लागलेला त्यांचा पोरगा बळीराम महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नव्हता. पुढे दोन शेजारणी.

"सिंधूताई, माही पोरगी शाळेतून येते अन् तोंडच उघडत नाही वं."

"तू काय विचारतं, प्रेमिला?"

"हेच. मार्क किती? डबा काहून उरला? संग कोण होती?"

"चप्पल तरी काढू देतं का, ठाणेदारीणबाई?"

"मंग काय आरती ओवाळू?"

"'आली का' म्हणाव, बस. पाणी अन् चिवडा ठेवाव, आपण मटर सोलत बसाव. तोंडाकडे पाहू नाही."

"अन् बोललीच नाही तं?"

"आपली फजिती सांगाव. मी माह्या पोराले म्हटलं, वरणात दोनदा मीठ पडलं, तुह्या बाबानं चूपचाप गिळलं. पोरगा हासला, मटर सोलाले बसला. मंग आपणच म्हणे, गणितात नापास झालो."

"अगं माय! मंग?"

"जीभ दातात धरली. 'हं' म्हटलं, शेंगा त्याच्याकडे सरकवल्या. मंग सारंच सांगतलं त्यानं."

संध्याकाळी बळीराम दारात आला. 'पर्मनंट कधी करते साहेब?' हा रोजचा सवाल मारोतरावांच्या ओठावर आला. त्यांनी तो गिळला.

"आला का गा."

बळीराम पाणी प्यायला. मारोतराव भिंतीकडे पाहत म्हणाले, "मी दोन बायांचं बोलणं ऐकत राहिलो, अन् तेलाचा डबा लाईनीतच विसरलो."

बळीराम खो खो हसला. "बसा मागं, घेऊन येऊ."

सायकल चौकापर्यंत गेली. मारोतरावांना पोराची फक्त पाठ दिसत होती.

"बाबा, कामावरून काढलं मले. महिना झाला."

मारोतरावांनी कॅरिअर घट्ट धरलं.

"हं," ते म्हणाले.