गहू कुठून येतो

मनस्विनी : खरं सांगा आई, मी ओरडणार नाही. वाणीला तुम्ही पोळी दिलीत का?

तुंगाबाई : रिपोर्टात तसं लिहिलंय?

मनस्विनी : रिपोर्टात नुसता रक्तातल्या अँटीबॉडीचा आकडा आहे. दहा महिन्यांपूर्वी दोनशेच्या वर होता, आज एकशे नव्वद. डॉक्टर म्हणाले, गहू खरोखर बंद असता तर एव्हाना निम्म्याच्या खाली आला असता. तिच्या आतड्याला गव्हाचा कणही सोसत नाही, आणि तो रोज कुठूनतरी पोटात जातोय. सहा वर्षांची मुलगी, आई, आणि वजन चौदा किलो! सकाळी फणी फिरवली तर केसांचा पुंजकाच हातात आला.

तुंगाबाई : बघितला मी तो. नंतर नळ सोडून रडत होतीस, तेही ऐकलं.

मनस्विनी : मग सांगा ना.

तुंगाबाई : दिली. दोनदा. उगादीच्या आधी. मी लाटत होते, ती पोळपाटाला हनुवटी टेकून बसली. म्हणाली, “आजी, वास तरी घेऊ दे.” नाही राहवलं गं मला. एवढासा तुकडा, तूप लावून. दुसऱ्या दिवशी पोट धरून लोळली. त्यानंतर नाही. देवाशपथ नाही.

मनस्विनी : आणि मला म्हणालात, उन्हानं दुखत असेल.

तुंगाबाई : भ्याले. तू तिला माझ्यापासून तोडशील म्हणून. माझ्या प्रणीतला म्हणालीसच ना, आईंना काही दिवस देवनहळ्ळीला तुझ्या बहिणीकडे, अक्कांकडे ठेवू? आपल्या भिंती काय जाड आहेत?

मनस्विनी : म्हणाले. खोटं कशाला बोलू.

तुंगाबाई : सरी, ठीक आहे. पिशवी भरून ठेवलीय मी. उद्या बसवर सोडायला सांग त्याला.

मनस्विनी : आणि वाणीला करून कोण घालणार? व्हाइटफील्डच्या ऑफिसातून यायला मला आठ वाजतात. आई, मलाही एक सांगायचंय. ऑफिसनंतर तिला घेऊन मी कितीतरी वेळा हॉटेलात डोसा खाऊ घातलाय. तुम्ही केलेलं तिच्या पोटात जाऊ नये म्हणून. डोसा तांदळाचा, चालतो, असं धरून चालले. आज डॉक्टरांनी विचारलं, त्याच तव्यावर रवा डोसा होतो का? मी कधी बघितलंच नव्हतं.

तुंगाबाई : होतो ना! तवा तोच, उलथनंही तेच. मला विचारायचंस.

मनस्विनी : तुम्हाला मी काहीच विचारलं नाही. यादी छापली आणि फ्रिजवर चिकटवली.

तुंगाबाई : इंग्रजीत. मला कन्नड वाचता येतं गं. मराठी नुसती बोलते मी, शाळा कन्नडच झाली. दहा महिने त्या कागदाकडे बघून मान हलवतेय.

मनस्विनी : मला का नाही सांगितलंत?

तुंगाबाई : तू का नाही विचारलंस?

मनस्विनी : उद्या रविवार आहे. सगळे डबे काढू. मी वाचते, तुम्ही सांगा कशात काय पडतं ते. सगळं सांगा फक्त.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. ओट्यावर सगळे डबे उघडे.)

तुंगाबाई : ही रागी. ही चालते, डॉक्टरच म्हणाले.

मनस्विनी : नाचणी चालते. पण दळून कुठून आणता?

तुंगाबाई : कोपऱ्यावरच्या नागनाथच्या गिरणीतून. चौथा-पाचवा नंबर लागतो माझा. त्याच्या आधी… थांब. आधी सगळ्यांचे गहूच असतात. माझं पीठ सुरुवातीला पांढुरकं पडतं, मग काळसर होतं. पडताना बघते की मी.

मनस्विनी : आत अडकलेला गहू तो.

तुंगाबाई : त्याचीच आंबील देते तिला. रोज सकाळी, वाटीभर. शक्ती येईल म्हणून.

मनस्विनी : रडू नका. पुढची डबी द्या. ही कसली?

तुंगाबाई : हिंग. सारात, ताकात, सगळ्यातच पडतो.

मनस्विनी : अक्षर किती बारीक आहे… आई.

तुंगाबाई : काय गं?

मनस्विनी : डिंक, तेल आणि गव्हाचं पीठ.

तुंगाबाई : हिंगात?

मनस्विनी : खरा हिंग थोडासाच. बाकी पीठ. माझ्या यादीतच नव्हता हा. आणि दर महिन्याला मीच आणून देते तुम्हाला.

तुंगाबाई : तिचं पोट दुखलं की मी हिंग जास्त घालायची, मनस्विनी. ताकात कालवून पाजायची. नको म्हणायची ती, तरी पाजायची. दुखणं मीच वाढवत होते.

मनस्विनी : आपण दोघी.

तुंगाबाई : मला स्वल्प बसू दे.

मनस्विनी : पाणी देऊ?

तुंगाबाई : नको. ऐक, आता अर्धवट काही नको. गहू घरातून जाऊ दे. रवा, मैदा, शेवया, सगळं. पोळपाट-लाटणंही. लाकडाच्या चिरांत पीठ बसतं, घासून निघत नाही. चाळणी तर टाकच.

मनस्विनी : मग तुमच्या पोळ्या? बाबा गेल्यापासून तेवढंच तर पोटभर खाता तुम्ही. मी म्हणत होते, वेगळा तवा, वेगळा कोपरा…

तुंगाबाई : या एवढ्याशा स्वयंपाकघरात? पीठ उडतं गं. चाळीस वर्षं उडताना बघितलंय. कपबशीवर बसतं, मिठाच्या बरणीत जातं.

मनस्विनी : हे कुठल्याच यादीत नव्हतं.

तुंगाबाई : यादी करणाऱ्यानं पोळ्या लाटल्या नसतील.

मनस्विनी : सरी. पण तुम्ही उपाशी राहायचं नाही. शेजारी सकवारबाईंकडे जाऊन खा. हात-तोंड धुऊन, साडी झटकून या.

तुंगाबाई : बघू. रागीचं मात्र मी ठरवणार. अख्खी आणायची, निवडून, धुऊन गच्चीवर वाळवायची. दळायला घरातच छोटी चक्की घेऊ. नवी. गव्हाचा दाणा न पडलेली.

मनस्विनी : आणि नवीन पाकीट आलं की आधी मी वाचणार, मग तुम्ही फोडणार. मला उशीर झाला तरी थांबायचं.

तुंगाबाई : थांबेन. तूही बाहेरचं काही देण्याआधी मला फोन करायचा. गाडीत असलीस तरी.

मनस्विनी : करेन. आणि ती पिशवी?

तुंगाबाई : राहू दे भरलेली. पुढचा आकडा येईपर्यंत.

*

मनस्विनी : चार महिन्यांनी आलाय, आई. नीट बसा आधी.

तुंगाबाई : बसवू नकोस. आकडा सांग.

मनस्विनी : एकशे दहा.

तुंगाबाई : म्हणजे गेला नाही.

मनस्विनी : उतरला. पण वर्ष लागेल म्हणाले, कदाचित जास्त. उंची भरून निघेल का, ते आत्ता सांगत नाहीत.

तुंगाबाई : एवढं करून!

मनस्विनी : मला भीती वाटते. ती घास घेते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसते.

तुंगाबाई : भात वाढण्याआधी तिचं ताट मी दोनदा धुते. चाळीस वर्षांत स्वयंपाकाला भ्याले नव्हते मी.

मनस्विनी : उद्या शाळेत रम्याचा वाढदिवस आहे. केक असणार. पाठवूच नये असं वाटतंय.

तुंगाबाई : मलाही तेच वाटलं. पण किती दिवस घरी ठेवणार? डब्यात काहीतरी गोड देऊ. तांदळाच्या पिठाचं.

मनस्विनी : लाडू? की रागीचा हलवा?

तुंगाबाई : तू म्हणशील ते.

मनस्विनी : नाही, तुम्ही सांगा.

तुंगाबाई : आपण दोघीच ठरवतोय गं. खायचंय तिला.

मनस्विनी : वाणी! इकडे ये जरा. आजी विचारतेय, उद्या डब्यात तुला काय हवं?

वाणी : खरंच विचारतेय?