पान चौदावरचा ससा

"हॅलो?… हो, शिक्षकांचीच खोली… मीच बोलतेय. अगं, तू! आपल्या दोघींमध्ये एक जिना आहे, आणि तू फोन करतेस?… बरं बरं, नाही ओरडत. बोल."

तिच्यापुढे शाळेच्या वार्षिक अंकाची प्रुफं पसरली होती. लाल पेनाचं टोपण तिच्या दातांत होतं. ती भाषा शिकवायची, आणि भाषा शिकवणाऱ्याच्या गळ्यात अंकाची संपादकी पडते, हा शाळेचा अलिखित कायदा होता. पलीकडे मुख्याध्यापिका होती. कॉलेजातल्या बाकापासूनची मैत्रीण. चारचौघांत 'मॅडम' आणि फोनवर 'अगं'.

"चारला मशीन लावतोय छपाईवाला. मला अजून सोळा पानं तपासायचीत, तेव्हा पटकन… अध्यक्षांनी प्रूफ बघितलं? मग, आवडलं का मनोगत? 'विद्यार्थी हेच आमचे धन' तीन वेळा होतं, मी दोनदा खोडलं. त्यावरून बिनसलं का?… नाही? मग?… पान चौदा?

"अगं, चौदा त्यांनी बघितलंच कसं? त्यांना फक्त पान तीन पाठवायला सांगितलं होतं मी… अख्खा ताव? न कापलेला? हात्तिच्या!

"अगं ऐक ना, घाबरू नकोस. साधी गोष्ट आहे. सोळा पानं एकाच मोठ्या कागदावर छापतात, आठ इकडे, आठ तिकडे. मग घड्या घालतात. घडी नीट बसावी म्हणून पानं ओळीने नाही लावत. शेजारच्या दोन पानांची बेरीज सतरा. एकाशेजारी सोळा, दोनाशेजारी पंधरा आणि तिनाशेजारी… हो. चौदा… अगदी चिकटून. अंक बांधला की दोघं लांब जातात, तोंडही बघत नाहीत एकमेकांचं. पण कागद उलगडलेला असला की इकडे अध्यक्षांचा फोटो आणि तिकडे… हो, तिकडे ससा.

"मुद्दाम? मी मुद्दाम कशाला लावीन? गणिताने लागलाय तो!"

ती हसली. पलीकडून हसू आलं नाही. पंचवीस वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं, म्हणून तिने टोपण दातांतून काढून टेबलावर ठेवलं.

"तू वाचलीयेस ना ती गोष्ट? सही आहे तुझी… न वाचता? शाब्बास. आता वाचू? फोनवर?… बरं, सगळी नाही वाचत. सांगते.

"सिंह आणि ससा. जुनीच. जंगलात सिंह होता, वाटेल त्याला वाटेल तेव्हा खायचा. 'त्यामुळे कोणालाच दिवसाचं नियोजन करता येईना,' असं वाक्य आहे. सातवीतल्या पोरीचं, बरं का! मग प्राण्यांची सभा. ठराव असा की रोज एकाने यादीप्रमाणे स्वतःहून गुहेत जावं. माकड विचारतं, सुट्टीच्या दिवशीही का? आणि कासव… थांब, हे ऐकच… कासव अर्ज करतं, की मला माझ्या पाळीच्या दोन दिवस आधी निघायची परवानगी मिळावी.

"नाही हसलीस तू… बरं.

"मग सशाची पाळी. ससा उशिरा जातो. हा उशीर महत्त्वाचा. ससा वेळेवर पोचला तर गोष्ट दोन ओळींत संपते. सिंह भुकेने चिडला पाहिजे, चिडला की डोकं चालत नाही. मग 'वाटेत दुसरा सिंह भेटला,' मग विहीर, मग सावली, मग धप्प. मी मुलांना सांगितलंच होतं, गमतीदार गोष्ट लिहायची तर हाडं जुनीच ठेवा. वाचणाऱ्याला पुढचं माहीत असलं पाहिजे. आणि 'संपली' म्हणून जिथे तो वही मिटतो, तिथून एक पाऊल पुढे टाका.

"हो, तेच सांगतेय, ते पुढचं पाऊल.

"सगळे नाचतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हरीण गुहेबाहेर हजर. का? तर यादीत त्या दिवशी त्याचं नाव होतं. आत ससा बसलेला. म्हणतो, 'बरं झालं वेळेवर आलास. आत ये, पाणी घे.' आता पोरीची वाक्यं जशीच्या तशी वाचते. 'हरीण आत गेलं. बाहेर आलं नाही. ससा पाला खातो हे सर्वांना माहीत होतं, म्हणून कोणी काही विचारलं नाही. ससा मात्र थोडा जाड दिसू लागला.' आणि खाली तात्पर्य. 'सिंह विहिरीत पडतो. यादी पडत नाही.'

"हॅलो?… आहेस ना?"

खिडकीखाली मैदानात शिट्टी वाजली आणि पोरांचा गलका एकदम थांबला. 

"कळलं. त्यांना वाटलं, सिंह म्हणजे ते. मोठी माणसं गोष्टीत सिंह दिसला की आरशासमोर असल्यासारखी उभी राहतात. सोपं आहे, सिंहाचा लांडगा करते. दोन जागी बदलायचं, दहा मिनिटांचं काम… नाही? मग वाघ?… सिंहाबद्दल काहीच म्हणाले नाहीत?

"मग कशाबद्दल म्हणाले?

"…सशाबद्दल."

आता तिने खुर्ची मागे ओढली आणि दाराकडे पाहिलं. दाराबाहेरच्या फळ्यावर रोज एक चिठ्ठी लागायची. एक नाव आणि खाली 'भेट, साडेतीन'. ही पद्धत संस्थेच्या जुन्या अध्यक्षांची. ते गुरगुरायचे, फायली फेकायचे. दोन वर्षांपूर्वी नव्या अध्यक्षांनी मोठ्या हुशारीने त्यांना त्यांच्याच पत्रांत अडकवून घालवलं. सगळ्या शाळेने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. नवे अध्यक्ष कधी आवाज चढवत नसत. पाणी विचारत. चिठ्ठी मात्र दुसऱ्या सकाळीही लागली. ग्रंथपाल भेटीला गेले, परत आले आणि कपाट आवरू लागले. चित्रकलेच्या सरांची खुर्ची अजून खिडकीशी होती. तिच्यावर कोणी बसत नसे आणि ती हलवतही नसे.

"अगं, बारा वर्षांची आहे ती! तिला काय ठाऊक फळ्यावरची चिठ्ठी… हो, रोज तिथूनच जाते वर्गात. वाचता येतं तिला, मान्य… मला वाटलं का? तपासताना? खरं सांगू? वाटलं. वाटलं, आणि तरी घेतली. कारण अख्ख्या अंकात तेवढं एकच पान जिवंत होतं. बाकी सगळं 'झाडे लावा'.

"पान काढून टाकूया? काढता नाही येत गं, मागे तेरा आहे. चौदावर गोष्टीऐवजी बक्षीस समारंभाचा फोटो टाकू शकते. टाकते, चल. मिटलं?… नाही?

"नाव? कोणाचं नाव?

"हे बघ, गंमतपानांवर नाव छापत नाही आपण. तूच नियम केलास, त्या टकल्या सरांवरच्या कवितेनंतर. पानावर फक्त इयत्ता, नावं माझ्या वहीत. पोरं त्या भरवशावर लिहितात… हो, आहे वही. खणात आहे… अगं, 'समजावून सांगतील' म्हणजे काय? ग्रंथपालांना समजावलंच होतं ना? आणि ते पोरीला कशाला बोलावतील? आईला बोलावतील. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुते ती, वर्षाच्या करारावर. करार संपतोय या महिन्यात. तुला माहीत आहे. तूच कागद वर पाठवलेस.

"मी देणार नाही. तू माझ्या जागी असतीस तर दिलं असतंस?…

"'तुम्ही'? मला 'तुम्ही' काय म्हणतेस?…

"कोणी आहे का तिथे? हो की नाही, एवढंच सांग.

"…पहिल्यापासून? आणि माझं बोलणं ऐकू जातंय त्यांना?… नाही. बरं."

तिने खण उघडला, आवाज न करता. वहीतलं सातवीचं पान शोधलं. ते फाडताना जो आवाज होणार होता, त्यावर ती मोठ्याने खोकली.

"काही नाही, ठसका लागला… हो, मॅडम. ऐकतेय… द्या. द्या ना त्यांच्याकडे.

"नमस्कार, सर."

कपात थंड चहा उरला होता. पानाचे तुकडे त्यात पडले आणि निळी शाई हळूहळू सुटू लागली.

"हो सर… नाही, राग कसला… ससा? ससा म्हणजे ससाच, सर, लांब कानांचा… कोणी लिहिली? मी… हो, मीच. सातवीचं पान रिकामं राहत होतं, वर्गशिक्षिका मी, म्हटलं भरून टाकावं… मुलांसारखी भाषा? बावीस वर्षं त्यांच्या वह्या तपासतेय, सर, हात तसाच वळायला लागतो… मॅडमनी वाचलेली नव्हती. सही माझ्या भरवशावर केली… वही? वहीत त्या गोष्टीची नोंदच नाही. बघा हवं तर.

"हो… आवडली?

"नाही, म्हणजे… आभारी आहे… छापायची? आहे तशी? तात्पर्यासकट?… खाली माझं नाव घालून. बरं. सांगते छपाईवाल्याला.

"उद्या साडेतीनला येऊ का मग?… नको? मी समजून चालले होते की…

"अक्षर? बरं आहे, सर. फळ्यावर लिहून लिहून… कोणती यादी?

"…फळ्यावरच्या चिठ्ठीची? ती तर मॅडम लिहितात… अच्छा. यापुढे मी. कधीपासून?… आजपासून. उद्याचं नाव. तुम्ही सांगाल ते लिहायचं ना?… मी ठरवायचं? नाही सर, मला कसं… हो, ओळखते सगळ्यांना. चांगली ओळखते, खरंय.

"माझंच लिहिते, सर… का नाही?… लिहिणाऱ्याचं लिहीत नाहीत. बरोबर. आणि नाहीच लिहिलं तर?… हो. सातवीपासून सुरुवात कराल. एकेका घरी विचारत. समजलं.

"नाही, पाणी नको. मी इथेच आहे ना, खाली…

"शाळेत तशी एकोणीस माणसं आहेत, सर. मला धरून. मॅडमना धरून… नाही, नाही, नकार नाही देत. गप्प यासाठी झाले, की मोजत होते… हो, मोजायला लागले खरी… सर, एक मिनिट, मी अजून हो म्हटलेलं… हॅलो?… हॅलो?"