चेहऱ्यावर जाऊ नका

नाही हो, रागावलेलो नाहीये मी! बघा, तुम्हीसुद्धा खुर्ची जरा मागे घेतलीत. सगळेच घेतात. काल लिफ्टमध्ये एक तान्हं बाळ आईच्या खांद्यावरून माझ्याकडे टुकूटुकू बघत होतं, मी त्याच्याकडे बघून हसलो, म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे हसलो, तर त्याने असं काही भोकाड पसरलं की ती बिचारी मधल्याच मजल्यावर उतरली! तेव्हा आधीच सांगून ठेवतो, चेहऱ्यावर जाऊ नका. आत्ता मी मजेत आहे. औषधाची गोळी नुकतीच लागलीये, ती उतरायच्या आत जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतो, मधे कुणी थांबवू नका, कारण उतरली की पाय तर जातातच, जीभसुद्धा संपावर जाते.

पार्किन्सन म्हणतात याला. लोकांना वाटतं, हात थरथरला की झाला पार्किन्सन. अहो, थरथर हा तर त्यातला सगळ्यात सभ्य भाग! खरी गंमत पुढेच. मेंदू म्हणतो "ऊठ", पाय म्हणतात "बघू". शर्टाचं एक बटण लावायचं तर एवढा वेळ की तोवर शर्ट धुवायला टाकायची वेळ येते. आणि दार! मोकळ्या खोलीत मी बऱ्यापैकी चालतो, पण दाराच्या चौकटीपाशी आलो की तळवे जमिनीला चिकटलेच. मन पलीकडे पोचलेलं, धड पुढे झुकलेलं, पाय जागच्या जागी. मग बायकोने प्रत्येक दारापाशी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, आडव्या. त्या ओलांडायच्या म्हटलं की पाय उचलतो! साधी जमीन दिसली की नाही उचलत, पट्टी दिसली की उचलतो. का? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "मेंदूचा निरोप पायांना दुसऱ्या रस्त्याने जातो." म्हणजे पहिला रस्ता कायमचा खोदून ठेवलाय, असं ते सभ्य भाषेत म्हणाले.

तेच चेहऱ्याचं. आत हसू येतं, रडू येतं, बाहेर काही निघत नाही. आणि हे कुणाच्या वाट्याला यावं? जन्म चपलांच्या दुकानात गेला माझा, गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून. "ताई, हा रंग तुमच्या पायाला काय खुललाय!" असं नुसतं वर बघून हसलो की दुसरा जोड खपलाच. आणि आता? शेवटी शेवटी मालक मला म्हणाले, "तुम्ही आत गोदामात बसा, बाहेर गिऱ्हाईक घाबरतं." चेहऱ्यावर जाऊ नका म्हणून दुकानात पाटी लावायची का?

बरं, गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. बायकोचं काय?

ही माझी बायको बस डेपोत घोषणा करायची. आवाज असा खणखणीत, की झोपलेला कंडक्टरसुद्धा शिट्टी मारत उठायचा. घरीही तेच. "लक्ष द्या! गोळीची वेळ झालेली आहे, पेशंटने पाण्याचा ग्लास घेऊन तयार राहावं!" दारापाशी अडकलो की, "डावा! उजवा! डावा! उजवा!" त्या तालावर माझे पाय सुटतात हो, खरंच सुटतात. पण तुम्हाला सांगतो, रोज कुणी तुमचे मोजे चढवतंय, औषधं देतंय, पोट साफ झालं का विचारतंय, आणि तुम्ही तिच्याकडे दगडासारखे बघताय... त्यात झोपेत मी स्वप्नातली हाणामारी खरोखरची करतो, हाही याच आजाराचा आहेर! एकदा हिच्या डोळ्याखाली ठोसा बसला, तेव्हापासून ही पलीकडच्या खोलीत. दिवसा नर्स, रात्री शेजारीण. नवरा-बायको कधी व्हायचं?

आणि मग आला हिच्या निवृत्तीचा समारंभ.

आता इथे गोळीचं एक शास्त्र समजून घ्या. ही गोळी घ्यायची रिकाम्या पोटी, खाण्याच्या निदान अर्धा तास आधी. अंडी, चीज, दूध, डाळी यांच्यातली प्रथिनं आणि ही गोळी आत शिरायला एकाच दारावर उभी राहतात. प्रथिनांनी आधी गर्दी केली की गोळी बाहेर ताटकळते. हे मला पाठ आहे हो! पण डेपो मॅनेजर प्लेट घेऊन आले. "घ्या घ्या, वहिनींचा मान आहे, एक तरी घ्याच!" अंड्याचं सँडविच, वर हा चीजचा थर. आता माणूस प्रेमाने देतोय, आपला चेहरा आधीच असा, त्यात नाही म्हटलं तर तो म्हणणार, बघा, किती घमेंड! म्हणून घेतलं. एक नाही, दोन. आणि वेळ झाली म्हणून लगेच वर गोळी.

झालं! तिकडे ही माइकवर उभी. आणि काय बोलली माहितीये? म्हणाली, "सगळ्या गाड्या कुठून सुटणार ते मी सांगितलं, पण दमूनभागून घरी गेले की दारात माझ्याकडे बघून हसणारा एकच माणूस होता. त्याच्या जोरावर मी नोकरी केली." सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला! आणि मी? आत माझे हुंदके चाललेत, वाटतंय उठावं आणि सगळ्यांसमोर तिला जवळ घ्यावं... आणि वरून हा असा. भिंत. पापणीसुद्धा हलेना. गोळी बाहेर ताटकळलेली, अंडी आत आरामात बसलेली! मागच्या रांगेतला एक ड्रायव्हर दुसऱ्याच्या कानात म्हणतो, मला स्पष्ट ऐकू आलं, "साहेबांना भाषण काही आवडलेलं दिसत नाही."

हिचा आवाज फुटला. ज्या बाईने आयुष्यात एकही घोषणा अडखळत केली नाही, ती माइकवर थांबली. मी म्हणालो, "छान बोललीस गं." पण माझा आवाजही गोळीबरोबर गेलेला, शेजारच्या खुर्चीलासुद्धा कळलं नाही. निघताना हॉलच्या दारात मी अडकलो, अर्थात! जमिनीवर पट्टी नाही. ही पलीकडे फुलांचा गुच्छ घेऊन उभी. मी वाट बघतोय, आता म्हणेल डावा, आता म्हणेल उजवा. ना डावा, ना उजवा. तोंड फिरवून उभी राहिली. शेवटी त्याच ड्रायव्हरने मला, अडकलेला गियर सोडवावा तसं दंडाला धरून सोडवलं.

घरी आल्यावर हिने बॅग काढली. "मी जरा ताईकडे राहून येते."

"किती दिवस?" विचारावं म्हटलं तर आवाज गळ्यातच.

"अहो, डोक्याला सगळं कळतं," ती कपडे कोंबत बोलत होती, "आजार आहे, स्नायू आहेत, तुमचा दोष नाही. पण मी चहा पुढे करते आणि तुम्ही असे बघता की वाटतं, या माणसाला माझा कंटाळा आलाय. आजारी तुम्ही आहात, पण एकटी मी पडलेय. आज सगळ्यांसमोरही तुम्ही माझ्याकडे तसेच बघितलंत. मला नाही सोसवत."

आता सांगा, यावर काय करायचं? चेहऱ्यावर जाऊ नको म्हणायचं, तर म्हणायला आवाज नको? मी मुकाट्याने पुढची गोळी घेतली. आता पोट रिकामं होतं, पण गोळी काय टॅक्सी आहे का हो, हात केला की थांबायला? तिला लागायला अर्धा तास! ही बॅग भरतेय आणि मी गोळी लागायची वाट बघतोय. हिने साड्या भरल्या, माझी बोटं जड. टॉवेल भरला, अजून जड. चष्म्याचं घर सापडेना म्हणून कपाट उचकायला लागली, तेव्हा मी त्या चष्म्याच्या घराचे आयुष्यात पहिल्यांदा उपकार मानले. चेन ओढली. चप्पल घातली. आणि तेव्हा... पायांत जरा सैल वाटलं.

वाणीच्या व्यायामाच्या बाई आम्हाला शिकवतात, "तुम्हाला वाटेल आपण किंचाळतोय, तेव्हा कुठे लोकांना नीट ऐकू जाईल. लाज सोडा!" मी छातीभरून श्वास घेतला, लाज सोडली आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "जाऊ नकोस! मी रडत होतो तिथे! आत रडत होतो! मला तुझा कंटाळा नाही आला, मला तू हवीयेस!"

वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. "काय झालं? चोर आला का?" वरचे काका!

"नाही हो काका," ही दारातूनच ओरडली, "हे माझ्यावर प्रेम करतायत!"

"मग हळू करा की!" खिडकी बंद.

ही बॅगेवरच बसली. आधी हसायला लागली, मग रडायला. मी पट्टी ओलांडून तिच्याकडे गेलो, चेहरा तोच, भिंत, पण तोंडाने सांगितलं, "मीही हसतोय. आता रडतोय." तिने माझ्या डोळ्यांत नीट बघितलं. म्हणाली, "असंच सांगत जा. मला वाचता येत नाही हो आता तुम्हाला."

तेव्हापासून आमच्याकडे एक नेम आहे. संध्याकाळची गोळी लागली की आम्ही दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसतो. त्या वेळात ही नर्स नाही, मी पेशंट नाही. औषध, व्यायाम, पोट, यातलं अक्षर काढायचं नाही. ती माझा हात धरते आणि मला आत जे होतंय ते मोठ्याने सांगावं लागतं. "हसलो!" "बरं वाटलं!" "तुझा वास येत नाही गं, नाकही संपावर गेलंय, पण तू जवळ आहेस हे कळतं." वरचे काका आता संध्याकाळी खिडकी लावूनच बसतात.

पण डॉक्टर खोटं बोलत नाहीत. परवा म्हणाले, गोळीचा असर पुढे पुढे कमी वेळ टिकेल, आवाजही कमी होत जाईल. आम्ही घरी आलो, पलंगावर बसलो. मग मीच विचारलं, "आवाज गेला की काय करायचं गं? आतलं कसं कळणार तुला?"

ती म्हणाली, "मी विचारीन. माझा हात दाबलात की हो, नाही दाबलात की नाही."

मी म्हटलं, "अगं, हा हात तर आपणहून थरथरतच असतो! तुला कसं कळणार मी दाबतोय की आजार दाबतोय?"

तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, थरथरीसकट, आणि म्हणाली, "मग मी सगळंच हो धरून चालेन."

म्हणजे बघा, घरात मला जे काही थोडंफार 'नाही' म्हणता यायचं, तेही गेलं!